‘उशिरा’ म्हणजे नेमकं कधी? रिपोर्ट बनवण्याआधी मॅनेजरला विचारायचे प्रश्न

प्रश्न : मॅनेजरांचा एका ओळीचा मेल आला : ‘उशिरा जाणाऱ्या ऑर्डरींचा रिपोर्ट हवाय, सोमवारपर्यंत.’ उलट प्रश्न विचारले तर मला काम येत नाही असं वाटेल. सुरुवात कुठून करू?

‘रिपोर्ट कशासाठी हवाय?’ असं थेट विचारू नका. त्याला ठरलेलं उत्तर येतं : ‘माहिती असावी म्हणून.’ त्याऐवजी विचारा, ‘सोमवारी हा उघडल्यावर तुम्ही सगळ्यात आधी कोणाला फोन कराल?’

उत्तर ‘गोदामाला, आज कोणता माल आधी काढायचा ते सांगायला’ असं आलं, तर त्यांना अजून न गेलेल्या ऑर्डरींची यादी हवी आहे, सर्वांत जास्त रखडलेली वर. ‘महिन्याच्या मीटिंगमध्ये वरिष्ठांना दाखवायचंय’ म्हणाले, तर एक टक्केवारी आणि मागच्या सहा महिन्यांचा आलेख पुरे. ‘ट्रान्सपोर्टरच्या बिलातून कपात करायची आहे’ म्हणाले, तर प्रत्येक ओळीला तारखांचा पुरावा लागेल. मेल एकच होता, रिपोर्ट मात्र तीन निघाले.

दुसरा प्रश्न : ‘सध्या हे कशात बघता?’ बहुतेक वेळा कोणाकडे तरी एक एक्सेल शीट असतेच. ती मागून घ्या आणि तिच्यातले फॉर्म्युले वाचा. मॅनेजरांच्या मनातली व्याख्या तिथे लिहिलेली सापडते. मग खोटे आकडे भरून पाच ओळींचा नमुना बनवा आणि तो दाखवा. कोऱ्या कागदावर कोणाला काही सुचत नाही, पण चुकीचा तक्ता समोर आला की ‘हे नको, ते हवं’ लगेच सुरू होतं.

प्रश्न : मागच्या महिन्यात उशीर 15 टक्के, असं माझा रिपोर्ट सांगतो. विक्री विभाग म्हणतो 23 च्या वर आहे. क्वेरी तीनदा तपासली, चूक सापडत नाही.

क्वेरी सांगितलं तेच करत असणार. सांगायचं काय, हे आधी ठरलं नव्हतं. तुमच्यासारखंच एक उदाहरण घेऊ. मागच्या महिन्यात 200 ऑर्डरी पाठवायचा वायदा होता. त्यांपैकी 180 गेल्या, त्यांतल्या 27 उशिरा. 180 पैकी 27 म्हणजे 15 टक्के. उरलेल्या 20 वायद्याची तारीख उलटूनही गेलेल्याच नाहीत. त्या धरल्या की 200 पैकी 47, म्हणजे 23.5 टक्के. सगळ्यात वाईट अवस्थेतल्या ऑर्डरीच रिपोर्टमधून गळाल्या. त्या गळतात ते अशा साध्या अटीमुळे :

```sql
WHERE dispatch_date > promised_date
```

माल गेलेला नसेल तर `dispatch_date` रिकामी, म्हणजे `NULL` असते. `NULL` ची कशाशीही तुलना केली की उत्तर ‘खरं’ येत नाही, आणि ती ओळ गुपचूप बाहेर पडते. एरर येत नाही, म्हणून शंकाही येत नाही. न गेलेल्या ऑर्डरी धरायच्या असतील तर रिकाम्या तारखेच्या जागी आजची तारीख धरा :

```sql
WHERE COALESCE(dispatch_date, CURRENT_DATE)
      > promised_date
```

छेदातही तोच बदल करा. वायद्याची तारीख त्या महिन्यातली असलेल्या सगळ्या ऑर्डरी मोजायच्या, फक्त गेलेल्या नव्हे.

पण धरायच्या की नाही, हा निर्णय तुमचा नाही. तो मॅनेजरांना विचारा, आणि त्याच बैठकीत वायद्याची तारीख कोणती धरायची तेही विचारा. ग्राहकाला 10 तारीख सांगितली, मग ती बदलून 15 केली आणि माल 14 ला गेला. पहिल्या तारखेने चार दिवस उशीर, दुसरीने वेळेच्या आत. इथे खरी अडचण वेगळीच असते : अनेक सिस्टिम नवी तारीख जुनीवरच लिहितात. तसं असेल तर मूळ तारखेने मागचा हिशेब काढताच येणार नाही, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. अर्धा माल गेला तर ऑर्डर ‘गेली’ म्हणायची का, आणि रद्द झालेल्यांचं काय, हे दोन प्रश्न उरतात. ठरलेली व्याख्या दोन-तीन वाक्यांत मेलवर पाठवून होकार घ्या आणि तीच वाक्यं रिपोर्टच्या तळाशी छापा.

प्रश्न : कोणते कॉलम हवेत विचारलं की ‘सगळेच टाक, नंतर बघू’ म्हणतात.

कॉलमच्या आधी एकच गोष्ट ठरवून घ्या : एक ओळ म्हणजे काय? एक ऑर्डर, की ऑर्डरमधली एक वस्तू? ‘वस्तूचं नावही टाक’ ही साधी वाटणारी मागणी ओळीचा अर्थच बदलते. ऑर्डरीत चार वस्तू आहेत आणि वाहतूक खर्च 600, तोही पूर्ण ऑर्डरीचा. वस्तूंचं टेबल जोडलं की ते 600 चार वेळा येतात आणि खालची बेरीज 2,400 दाखवते. जोडणी झाल्यावर हे चालवून बघा :

```sql
SELECT COUNT(*), COUNT(DISTINCT order_id)
FROM late_report;
```

एक ओळ एक ऑर्डर ठरली असेल, तर दोन्ही आकडे सारखेच हवेत.

मग प्रत्येक कॉलमसाठी विचारा : यावर फिल्टर लावणार, बेरीज करणार, की नुसता वाचणार? तिन्हींपैकी काहीच नसेल तर तो कॉलम पहिल्या आवृत्तीत नको.

प्रश्न : रिपोर्ट मॅनेजरांसाठीच होता, आता तो पुढे कोणाकोणाला जातोय कळत नाही. ग्राहकांचे दर लपवले आहेत, तेवढं पुरेसं आहे ना?

नाही. एक्सेलमध्ये लपवलेला कॉलम दोन क्लिकमध्ये परत दिसतो. पिव्होट तर आणखी फसवा : मूळ शीट उडवली तरी फाइलमध्ये डेटाची प्रत सहसा राहते, आणि बेरजेच्या आकड्यावर डबल क्लिक केलं की मागच्या ओळी नव्या शीटवर उघडतात. जे दिसायला नको ते फाइलमध्येच नको. म्हणून ‘कोण बघणार?’ याच्यासोबत ‘कोणी बघू नये?’ हेही विचारा, आणि उत्तरात विभाग नव्हे, नावं घ्या. फोनवर बघणार असतील तर चार-पाच कॉलमच्या पुढे जाऊ नका.

प्रश्न : ‘लाइव्ह हवा’ असा आग्रह आहे. देऊ का?

आधी विचारा, निर्णय किती वाजता होतो आणि त्या वेळी डेटा किती जुना चालेल. दिवसातून एकदा, सकाळी 9 ला गोदामाशी बोलणं होत असेल, तर दर पाच मिनिटांनी ताजा होणारा रिपोर्ट 9 नंतर कोणी उघडत नाही. टूलच्याही मर्यादा असतात : पॉवर बीआयच्या प्रो लायसन्समध्ये इम्पोर्ट केलेला डेटा दिवसातून 8 वेळाच शेड्यूलने रिफ्रेश करता येतो, प्रीमियममध्ये 48 वेळा.

त्याहून महत्त्वाचं, मुळात नोंद कधी होते ते गोदामात विचारा, मॅनेजरांना नाही. रात्री गेलेल्या मालाची नोंद सकाळी 10 पर्यंत चालत असेल आणि रिपोर्ट 8 ला रिफ्रेश होत असेल, तर 9 ला मॅनेजर आधीच गेलेल्या ऑर्डरींवरून गोदामाला झापणार. मग एकतर नोंद आधी व्हायला हवी, नाहीतर मीटिंग पुढे जायला हवी. रिफ्रेशची वेळ बदलून हे सुटत नाही.

रिपोर्टच्या माथ्यावर ‘शेवटचा रिफ्रेश’ लिहितात, ते दिशाभूल करतं. रिफ्रेश 8 ला झाला, पण शेवटची नोंद काल संध्याकाळी 6 ची असेल तर? तिथे `MAX(entry_time)` दाखवा, म्हणजे माहिती कुठपर्यंतची आहे ते कळेल. आणि रिफ्रेश फसला तर जुने आकडे तसेच दिसू द्यायचे की नाही, आणि फसल्याचा मेल कोणाला जायचा, तेही विचारून घ्या. नाहीतर तो फक्त तुम्हालाच येतो, तोही सुट्टीच्या दिवशी.