चित्रफितीतल्या ओळींवरून सत्काराला उत्तर कसे लिहावे

प्रश्न : माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होत आहे. सहकाऱ्यांनी तिच्या फोटोंचा ४० स्लाइडचा स्लाइड शो केला आहे. त्यातल्या ओळी आणि टप्पे घेऊन तिच्यासाठी आभाराचे भाषण कसे लिहावे?

उत्तर : माझ्या वहिनी ३१ मे २०२४ रोजी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांच्या शाळेतील तरुण शिक्षकांनी अशीच ४६ स्लाइडची मालिका तयार केली होती आणि वहिनींचे भाषण मी त्यांच्यासोबत बसून लिहिले. माझा पहिला मसुदा पूर्णपणे वाया गेला. फोटोंखालच्या ओळी मी क्रमाने घेतल्या, ‘त्यांनी’च्या जागी ‘मी’ घातले आणि वाक्ये जोडून दिली. वहिनींनी दुसऱ्या परिच्छेदावर कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊजी, ‘उपक्रमशील शिक्षिका म्हणून तालुक्यात नावलौकिक मिळवला’ हे मी माझ्याच तोंडाने कसे म्हणू?”

अडचण नेमकी तिथेच असते. फोटोखालची ओळ दुसऱ्याने गौरवासाठी लिहिलेली असते आणि तिचा कर्ता निवृत्त होणारी व्यक्ती असतो. तीच ओळ तिच्या तोंडी घातली की आत्मस्तुती होते. आभाराच्या वाक्यात कर्ता दुसरा कोणीतरी हवा, म्हणजे त्या टप्प्यावर ज्याने हात दिला तो. म्हणून ओळीतून वर्ष, गाव आणि घटना एवढेच घ्यावे, विशेषणे तिथेच सोडावीत आणि वाक्य नव्या कर्त्यापासून सुरू करावे.

प्रथम ओळी हातात घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ थांबवत थांबवत उतरवून घेण्यापेक्षा तयार करणाऱ्याकडून मूळ फाइल मागावी. ती पॉवरपॉइंटची असेल तर View मधील Outline View मध्ये मजकूर एकत्र दिसतो. मात्र वेगळ्या चौकटी काढून फोटोंवर टाकलेला मजकूर तिथे येत नाही, आणि फोटोंखालच्या ओळी बहुधा तशाच टाकलेल्या असतात. त्यामुळे एकदा सर्व स्लाइड नजरेखालून घालून सुटलेल्या ओळी वहीत लिहून घ्याव्यात.

त्यानंतर प्रत्येक तारीख सेवापुस्तकाशी ताडून पाहावी. वहिनींच्या पहिल्या स्लाइडवर ‘१९९० : सेवेस प्रारंभ’ असे होते आणि शेवटच्या स्लाइडवर ‘३४ वर्षांची अखंड सेवा’. सेवापुस्तकात रुजू झाल्याची नोंद ऑगस्ट १९९१ ची निघाली. १९९० हे त्यांचे डी.एड. पूर्ण झाल्याचे वर्ष होते, आणि एका जुन्या फोटोच्या मागे लिहिलेले ते वर्ष पुढे सगळीकडे गेले होते. प्रत्यक्ष सेवा ३२ वर्षे ९ महिन्यांची होती. आदेशाची तारीख आणि रुजू झाल्याची तारीख यांतही बऱ्याचदा फरक असतो. भाषणात रुजू झाल्याचीच तारीख घ्यावी, कारण त्याच तुकडीत लागलेले दोन-चार जण समोर बसलेले असतात. चूक सापडली तर स्लाइड करणाऱ्यालाही आधीच कळवावे, म्हणजे पडद्यावर एक आणि आईच्या तोंडी दुसरेच असे होणार नाही.

आता निवड. ४६ पैकी सहली, हळदीकुंकू, स्नेहसंमेलन असे फोटो बाजूला काढल्यावर टप्पा म्हणता येतील अशा १९ स्लाइड उरल्या. त्यांतून आम्ही फक्त पाच ठेवल्या. कसोटी एकच होती : या फोटोशी जोडलेली एक व्यक्ती आणि त्या व्यक्तीने केलेली एक कृती वहिनींना सांगता येते का? मुख्याध्यापकपदाच्या पदोन्नतीच्या स्लाइडवर त्यांना असे काहीच सांगता येईना. ती गळली आणि भाषणाचे काही बिघडले नाही. तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कारही अर्ध्या वाक्यात उरकला, कारण त्याबद्दल आधीचे सर्व वक्ते बोलणारच होते.

व्यक्ती आणि कृती आठवण्यासाठी ‘या काळातले काही सांगा’ असे विचारून उपयोग होत नाही. तसे विचारले की माणूस पुन्हा ओळीच म्हणून दाखवतो. मी लॅपटॉपवर फोटो लावून विचारले, “या फोटोत कोण नाही?” समारंभाच्या फोटोंत हार घालणारे आणि घालून घेणारे असतात, आणि ज्यांचे आभार मानायचे ते बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर राहिलेले असतात.

पहिल्या शाळेच्या फोटोत कौलारू खोली, समोर चिखल आणि उंबऱ्याशी चप्पल हातात घेऊन उभ्या असलेल्या पंचविशीतल्या वहिनी एवढेच आहे. खाली ओळ होती : ‘पहिली शाळा – द्विशिक्षकी, दुर्गम वाडी’. प्रश्न ऐकून वहिनी बराच वेळ त्या चपलांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या की एस.टी. फाट्यावर सोडायची आणि मध्ये ओढा लागायचा. पावसाळ्यात वाडीतली एक आजी रोज सकाळी ओढ्यावर येऊन उभी राहायची. तिचा नातू पहिलीत होता. वहिनींची पर्स ती स्वतःच्या डोक्यावर ठेवायची आणि हात धरून त्यांना पलीकडे न्यायची. आजी कधी शाळेच्या आत आली नाही, त्यामुळे तिचा एकही फोटो नाही. घरातल्या कोणालाही हे माहीत नव्हते. त्या एका स्लाइडचे भाषणात असे झाले (नावे येथे गाळली आहेत, प्रत्यक्ष भाषणात आजीचे पूर्ण नाव घेतले होते) :

“ऑगस्ट १९९१ मध्ये मी रुजू झाले, ती कौलारू शाळा आपण आत्ता पाहिली. त्या फोटोत माझ्या हातात चपला आहेत, कारण शाळेत येण्यासाठी ओढा ओलांडावा लागे. तो मी एकटीने कधीच ओलांडला नाही. वाडीतल्या एक आजी पावसाळाभर माझा हात धरून मला पलीकडे नेत असत. त्या आज नाहीत. त्यांचा नातू आज इथे बसला आहे. बाळा, तुझ्या आजीमुळे माझी पहिल्या वर्षी एकही हजेरी चुकली नाही.”

यात फोटोचे वर्णन नाही, फोटोतल्या एकाच वस्तूकडे बोट दाखवले आहे. चित्रफीत भाषणाच्या आधी दाखवली जाणार असेल तर ‘आपण आत्ता पाहिले’ एवढा दुवा पुरतो. भाषण आधी असेल तर ‘थोड्या वेळाने पाहाल’ असे करावे. म्हणून कार्यक्रमपत्रिका आधी विचारून घ्या. भाषण सुरू असताना मागे स्लाइड बदलत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. वीज गेली किंवा स्लाइड दोन पाने पुढे सरकली की बोलणारी व्यक्ती गोंधळते. पडदा काळा असला तरी उभे राहील असेच भाषण लिहावे.

घरच्यांसाठी चित्रफितीत बहुधा एखादीच सामूहिक फोटोची स्लाइड असते, आणि त्यामुळे त्यांचे आभार शेवटी ‘माझ्या कुटुंबीयांनी मोलाची साथ दिली’ या ठरलेल्या वाक्यात संपतात. आम्ही ते एका टप्प्याला जोडले. ‘२००६ : चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत शाळेचे यश’ अशी एक ओळ होती. जादा तास सकाळी सातला असायचे. त्या वर्षी वहिनींच्या दोन्ही मुलींच्या वेण्या, डबे आणि शाळा माझ्या आईने सांभाळली. भाषणात वाक्य आले, “शाळेतल्या मुलांना मी सातला गणित शिकवत होते, कारण माझ्या मुलींच्या वेण्या तेव्हा माझ्या सासूबाई घालत होत्या.” समोर बसलेल्या माझ्या आईने पदर डोळ्यांना लावला. सामूहिक फोटोची स्लाइड पाहताना ती शांत बसली होती.

शब्दसंख्येचा हिशेब आधीच करावा. मी वहिनींना वर्तमानपत्रातला एक उतारा भाषणाच्या लयीत वाचायला सांगून घड्याळ लावले, तेव्हा मिनिटाला साधारण ९५ शब्द भरले. आयोजकांनी सहा मिनिटे दिली होती. थांबायला, आवंढा गिळायला जागा ठेवून आम्ही ४८० शब्दांवर थांबलो : प्रत्येक टप्प्याला ७० ते ८०, उरलेले सुरुवातीच्या संबोधनाला आणि शेवटाला. तुमच्या आईचा वेग वेगळा असेल, म्हणून मोजूनच ठरवा. मसुदा लांबला तर प्रत्येक टप्प्यातले दोन-दोन शब्द कापू नका, एक टप्पा पूर्ण काढा. तसे न केल्यास सगळेच टप्पे पुन्हा फोटोंखालच्या ओळींसारखे होतात.

कोणाचे नाव राहून जाईल ही भीती प्रत्येकालाच असते. येथे एक फरक लक्षात ठेवला तर बराच भार हलका होतो : आईचे बोलणे हे सत्काराला उत्तर आहे, कार्यक्रमाचे आभारप्रदर्शन नव्हे. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मंडप, ध्वनिक्षेपक, भोजन या सर्वांचे आभार मानायला शाळेतला एखादा शिक्षक नेमलेला असतो. त्याला आधी भेटून त्याची यादी पाहावी आणि तिच्यात असलेली नावे आईच्या भाषणातून निःशंकपणे काढावीत. उलट त्याच्या यादीत कधीच नसणारी माणसे आईकडे यायला हवीत. वहिनींच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई त्या दिवशीही मागे स्वयंपाकात होत्या. त्यांच्यावर एकही स्लाइड नव्हती. ‘कोरोनाकाळातील शिक्षण’ या ओळीपाशी त्यांचे नाव आले, कारण शाळा बंद असताना त्यांनी स्वतःची ओसरी सारवून दिली आणि वहिनींनी तिथे पाच-पाच मुलांना बसवून शिकवले. नाव ऐकून कोणीतरी त्यांना हाताला धरून पुढे आणले. म्हणून अशी व्यक्ती भाषणाच्या वेळी मंडपात असेल एवढी व्यवस्था आधी करून ठेवा.

स्लाइडमधली शेवटची ओळ जवळपास सर्वत्र ‘पुढील आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा’ हीच असते आणि तिच्यातून भाषणाला काही मिळत नाही. शेवटासाठी आम्ही चित्रफीत सोडली आणि त्या दिवशी खरोखर व्हायच्या गोष्टीकडे गेलो, ती म्हणजे पदभार सोपवणे. वहिनी म्हणाल्या, “कपाटाच्या किल्ल्या मी सकाळीच बाईंकडे दिल्या आहेत. डाव्या दाराचे कुलूप थोडे दाबून धरावे लागते, तेवढे सांगायचे राहिले होते. ते आत्ता सांगते, आणि आपली रजा घेते.”