शेतकऱ्यांसाठीच्या अर्जातील सूचना सोप्या मराठीत कशा लिहाव्यात?

प्रश्न: शेतकरी योजनेच्या अर्जातल्या सूचना गावातल्या लोकांसाठी सोप्या करायच्या आहेत, पण रकान्यांची नावे बदलली तर अर्जावर ती सापडणार नाहीत. काय करावे?

उत्तर: रकान्याचे नाव अर्जावर जसे छापले आहे तसेच, अवतरणचिन्हांत ठेवावे आणि फक्त त्यापुढची सूचना सोपी करावी. त्या सूचनेत शब्दाचा अर्थ देण्यापेक्षा, माहिती कोणत्या कागदावरून उतरवायची हे सांगणे अधिक उपयोगी पडते.

‘खाते क्रमांक’ हा रकाना घ्या. जमिनीच्या तपशिलात तो आठ-अ उताऱ्यावरचा क्रमांक असतो, पण अनेक अर्जदार तिथे बँकेचा क्रमांक लिहितात. मूळ सूचना ‘धारण क्षेत्राचा खाते क्रमांक अभिलेखानुसार नमूद करावा’ अशी असेल, तर ती अशी लिहावी: “‘खाते क्रमांक’: तुमच्या आठ-अ उताऱ्यावरचा खाते क्रमांक इथे लिहा. बँकेचा क्रमांक इथे लिहू नका.” दुसरे वाक्य अनावश्यक वाटले तरी गाळू नये, कारण चूक नेमकी तिथेच होते.

‘क्षेत्र (हे. आर)’ या रकान्यातही असाच घोटाळा होतो. बोलण्यात हिशोब एकराचा असल्याने दोन एकरवाला ‘२’ लिहितो आणि अर्जावर ते दोन हेक्टर, म्हणजे जवळपास पाच एकर, होतात. म्हणून “सातबाऱ्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवा” एवढेच सांगावे.

स्वयंघोषणापत्रातील कायदेशीर परिणाम मात्र सौम्य करू नयेत. वाक्ये लहान करावीत, आशय पूर्ण ठेवावा. शेवटी एखाद्या अर्जदाराला मजकूर वाचायला देऊन, त्याच्याच उताऱ्यावरच्या योग्य आकड्यावर बोट ठेवायला सांगावे.