भावाकडून लिहून कसं घ्यायचं?

"मी आणि माझा चुलतभाऊ मिळून वडापावची गाडी लावतो. गेले काही महिने पैशांवरून रोज वाजतं. नियम लिहून काढू म्हटलं, तर तो म्हणतो, 'म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?' काय करावं?"

माझ्याकडे आलेल्या अशाच दोन चुलतभावांचं सांगतो. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

गाडीसाठी चाळीस हजार थोरल्याने घातले होते. धाकटा पहाटे उठून बटाटे उकडायचा, दिवसभर कढईपाशी उभा राहायचा. रोख गल्ला थोरल्याकडे, क्यूआर कोड मात्र धाकट्याच्या खात्याचा. "स्पीकर दिवसभर ओरडतो, चाळीस रुपये मिळाले, साठ मिळाले. रात्री ते जातात कुठे?" हा थोरल्याचा सवाल. धाकट्याला गल्ल्यातून घरी जाणारी किराण्याची नोट दिसायची. चोर दोघांपैकी कुणीच नव्हता. अर्धा हिशोब याला दिसायचा, अर्धा त्याला.

विश्वासाचा विषय मी बाजूला ठेवला आणि एका दिवसाचे आकडे मांडायला लावले. विक्री सहा हजार. माल, गॅस आणि किरकोळ खर्च जाऊन उरले बावीसशे. थोरला म्हणाला, "अकराशे-अकराशे." धाकटा म्हणाला, "मग माझ्या पहाटेचं काय?" खरी मेख इथे होती. मजुरी, भांडवल आणि नफा या तीन वेगळ्या गोष्टी, आणि ते एकाच ढिगातून वाटत होते. शिवाय, काहीच ठरलेलं नसेल तर 1932 चा भागीदारी कायदा नफा समान धरतो आणि कामाचा वेगळा मोबदला देत नाही. म्हणजे न लिहिण्यात तोटा धाकट्याचाच होता. हे कळल्यावर कागद त्यानेच पुढे ओढला.

ठरलं ते असं. आधी मजुरी: धाकट्याला सातशे, थोरल्याला पाचशे. उरलेल्या हजारातून दोनशे थोरल्याच्या भांडवलाची परतफेड, म्हणजे गाडी लागली तर दोनशे दिवसांत चाळीस हजार फिटतात. बाकीचे आठशे निम्मे-निम्मे. विक्री कमी झाली तर आधी नफा आटेल, मग परतफेड थांबेल; मजुरीला हात शेवटी. क्यूआरसाठी दोघांच्या नावाचं खातं. गल्ला रात्री दोघांसमोर मोजायचा, वहीत दोन सह्या. घरी नेलेला वडासुद्धा वहीत लिहायचा. या कलमावर थोरला चिडला होता, पण महिन्याचे वडे मोजले तेव्हा गप्प बसला.

वेगळं व्हायची वेळ आली तर काय, हे लिहायला दोघेही तयार नव्हते, "अभद्र कशाला बोलायचं?" मी हट्ट धरला. गाडीची किंमत त्या वेळच्या बाजारभावाने, ठेवणाऱ्याने दुसऱ्याला त्याचा हिस्सा तीन हप्त्यांत द्यायचा, एवढं लिहिलं.

तुम्हीही भावाला कागद दाखवण्याआधी एका दिवसाचा हिशोब त्याच्यासोबत मांडा. पुढे वहीत सलग काही दिवस एकच सही दिसू लागली, तर भांडण पेटायची वाट न पाहता त्याच आठवड्यात बसा.