मैत्रीण मिळाली, तरी घरची आठवण का जात नाही?

"ताई, मुलगी आठवीत आहे, जूनपासून वसतिगृहात. सुरुवातीला रोज रडायची. मग तिच्यासारखीच एक मुलगी भेटली, आता दोघी सावलीसारख्या एकत्र असतात. आम्हाला वाटलं, सुटलो. पण रविवारच्या फोनवर अजून तेच, 'मला घरी ने.' मैत्रीण मिळूनही असं का? परत आणू का?"

तुमचं पत्र वाचताना मला पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या आठवल्या. काही वर्षांपूर्वी मी मुलींच्या एका वसतिगृहात दर गुरुवारी जायचे. तिथल्या रेक्टरबाईंनी एकदा दोन मुलींना माझ्याकडे पाठवलं. दोघी तेरा वर्षांच्या, शेजारशेजारच्या गावांतल्या. पहिल्या आठवड्यात रडताना सापडल्या म्हणून बाईंनी मायेनं दोघींच्या कॉट शेजारी लावून दिल्या. तेवढाच आधार! त्यातल्या एकीला मी इथे मनू म्हणते, दुसरीला नुसतं मैत्रीण.

संध्याकाळची प्रार्थना झाली की दोघी टाकीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायच्या. मांडीवर मनूच्या आईच्या जुन्या साडीची गोधडी. मनू म्हणायची, "आत्ता आई धार काढत असेल." मैत्रीण म्हणायची, "आमची भाकऱ्या टाकत असेल." मग थोडा वेळ गप्प. मग एकीचे डोळे भरून आले की दुसरीचेही. जेवणाची घंटा होईपर्यंत हेच, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

अशा मैत्रीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अमँडा रोज यांनी 2002 मध्ये दाखवलं, की मैत्रिणी एकच दुःख पुन्हापुन्हा उगाळत बसल्या की त्यांची मैत्री घट्ट होते, आणि त्याचबरोबर मनाची उदासीही वाढलेली दिसते. वसतिगृहात मला हे वारंवार दिसतं. घरच्या आठवणीवर जुळलेल्या मैत्रीला टिकण्यासाठी ती आठवण ताजी लागते.

दोघींना मी एकेक वही दिली. उठल्यावर, मधल्या सुट्टीत, दिवे लागताना आणि झोपताना घरची आठवण किती येते त्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा. दोन आठवडे, आणि एकमेकींना दाखवायचं नाही.

मनूची वही चढउताराची निघाली. सकाळी चार, सुट्टीत दोन, दिवेलागणीला आठ-नऊ, झोपताना सहा. मधेच दोन दिवस दिवेलागणीलाही चारच. विचारलं तर कळलं, त्या दिवशी मैत्रीण तापानं आजारी-खोलीत होती आणि खो-खोला एक मुलगी कमी पडली म्हणून नववीच्या मुलींनी मनूला ओढून नेलं होतं. तो आकडा बघून मनूलाच नवल वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, पण मला बरं वाटलं तर तिला एकटीला सोडल्यासारखं होईल ना?"

म्हणजे मनूची आठवण विरायला केव्हाच तयार होती. मैत्रिणीशी इमान राखायचं म्हणून ती रोज संध्याकाळी पायऱ्यांवर येऊन बसत होती.

मैत्रिणीच्या वहीत मात्र आठ, आठ, नऊ, आठ. रोज तेच. खेळाच्या तासालाही आठ, वर्गात बक्षीस मिळालं त्या दिवशीही आठ. साध्या आठवणीला वेळ असते. ती कातरवेळी येते, फोननंतर येते, सणाच्या आधी येते आणि मूल कशात तरी रमलं की उतरते. जी उतरतच नाही, तिच्या आड दुसरं काहीतरी असतं. मी दोघींना वेगवेगळं विचारलं, "आत्ता घरी असतीस तर काय करत असतीस?" मनूनं वासरू, धाकटा भाऊ, शेजारच्या आजीची चिंच असं सगळं सांगितलं, थांबेचना. मैत्रीण बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "इथे नसते."

दोन भेटींनंतर उलगडा झाला. दहावीची एक मुलगी तिच्याकडून रोज कपडे धुऊन घेत होती, घरून आलेला खाऊ काढून घेत होती आणि बोललीस तर बघ म्हणून धमकावत होती. न्हाणीघराकडे एकटीनं जायला लागू नये म्हणून ती मनूला चिकटून होती. कोणाला सांगायचं धाडस नव्हतं, पण 'घरची आठवण येते' म्हणून रडलं तर कोणी काही विचारत नाही. जूनमध्ये अडतीस किलो असलेलं तिचं वजन ऑक्टोबरात चौतीस झालं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते आठवणीच्या खाती टाकलं होतं. मीसुद्धा, पहिले तीन गुरुवार.

रेक्टरबाईंनी त्या मोठ्या मुलीला दुसऱ्या मजल्यावर हलवलं, तिच्या पालकांना बोलावलं. तरी मैत्रिणीची भीती गेली नाही. दिवाळीनंतर तिच्या वडिलांनी तिला तालुक्याच्या शाळेत घातलं आणि मी अडवलं नाही. तिला घरी नेणं योग्यच होतं.

मनूसाठी केलं ते अगदी साधं. तिची संध्याकाळ भरली. आठवड्यातले चार दिवस खो-खो, उरलेले दिवस मेसमध्ये नववीच्या तिघींबरोबर वाढपाची पाळी. नवीन मुलीला मेसमध्ये सगळ्यात अवघड काय जातं, तर ताट घेऊन कुठे बसायचं ते. वाढणारीला तो प्रश्न पडत नाही, आणि वाढून झालं की चौघी आपोआप एकत्र जेवायला बसतात. पायऱ्यांवरचं बसणं मी बंद केलं नाही. फक्त ते जेवणानंतर पंधरा मिनिटं ठेवलं.

फोनवरचं बोलणं बदललं ते तिच्या आईनं. आधी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "रडलीस का गं?" आता त्या विचारायला लागल्या, "आज कोणाशेजारी बसलीस? भांडण कोणाचं झालं?" आणि "नाहीच जमलं तर दिवाळीत घेऊन येते" हे वचन त्यांनी मागे घेतलं. त्याऐवजी भेटीची ठरलेली तारीख सांगितली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थर्बर आणि डॉक्टर वॉल्टन यांनी 2007 मध्ये बालरोगतज्ज्ञांसाठी लिहिलेल्या अहवालात अशा सुटकेच्या वचनाविरुद्ध स्पष्ट बजावलं आहे. मुलाला त्यातून ऐकू येतं की तुला हे जमणार नाही असं आईबापांनाही वाटतं. शिवाय, परत जायचंच असेल तर इथे मैत्री कशाला करायची?

दिवाळीच्या सुट्टीहून आल्यावर मनूचा आकडा पुन्हा आठवर गेला. आई घाबरली. पण चार दिवसांत तो तीनवर आला. जूनमध्ये याच उताराला तीन आठवड्यांतही सुरुवात झाली नव्हती. सुट्टीनंतरची उसळी धरून चालायची, बघायचं ते ती किती दिवस टिकते.

तेव्हा परत आणायचं की नाही, हे आत्ताच ठरवू नका. दोन आठवडे तिला अशी वही लिहू द्या. आकडे वरखाली होत असतील तर संध्याकाळी तिला खेळात किंवा कामात गुंतवता येईल का, हे रेक्टरांशी बोला. त्यासाठी मैत्रिणीपासून तोडू नका, दोघींना मिळून आणखी दोघी-तिघींत मिसळू द्या. आकडा दिवसभर एकाच जागी अडकलेला दिसला, जेवण-झोप तुटली असेल, किंवा 'घरी ने'पेक्षा 'इथून ने' असं ऐकू आलं, तर भेटीच्या दिवसाची वाट न बघता जा आणि मैत्रीण बाजूला नसताना तिच्याशी बोला. कोणी मारहाण करतंय किंवा अंगाला नको तसा हात लावतंय असं कळलं तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवरही लगेच कळवा.

आणि या रविवारी फोनवर तिला एवढंच विचारून बघा: "आत्ता घरी असतीस तर काय करत असतीस?" उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.