पांढऱ्या सुती कपड्यांवरील गंजाचे डाग कसे काढावेत?

प्रश्न: आमच्याकडे बोअरवेलचे जड पाणी येते आणि धुणे जुन्या लोखंडी बादलीत भिजत घालतो. पांढऱ्या चादरींवर तांबूस-पिवळे डाग पडले आहेत. साबण झाला, ब्लीच झाले, डाग उलट गडदच झाले. आता काय करावे?

उत्तर:

सर्वांत आधी ब्लीच थांबवा, कारण तुमचे डाग गडद होण्यामागे बहुधा तेच आहे. चहाचा किंवा हळदीचा डाग हा रंगद्रव्याचा असतो आणि ब्लीच त्या रंगाची मोडतोड करते, म्हणून तो फिका पडतो. गंजात मोडण्यासारखा असा रंग नसतो. तो लोह, प्राणवायू आणि पाणी यांचा संयुग असून आधीच पूर्णपणे ऑक्सिडाइझ झालेला असतो, त्यामुळे ब्लीच त्याचे काहीच बिघडवू शकत नाही. शिवाय धुण्याच्या पाण्यात विरघळून राहिलेले जे लोह अजून डाग होऊन बसलेले नसते, त्याचाही ब्लीच तत्काळ गंज करते आणि तो धाग्यांत उतरतो. धुण्याचा सोडा आणि सोडायुक्त साबण यांचाही उपयोग होत नाही, कारण गंज आम्लात विरघळतो, अल्कलीत नाही. ‘ऑक्सिजन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पांढरेपणाच्या पावडरींबाबत तर मी अधिकच सावध राहायला सांगेन. त्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते आणि लोहाच्या सान्निध्यात त्याची क्रिया इतकी तीव्र होते की नेमक्या डागाच्या जागी सूत कुजते व काही धुण्यांनंतर तेथे बारीक भोके पडतात. कापडावर रासायनिक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षे काम केले आणि ब्लीच करण्यापूर्वी कापडावर लोहाचे डाग आहेत का, हे तपासण्याची शिस्त तेथे याच कारणाने पाळली जात असे.

दुसरी गोष्ट, गंजाचा दोष जडपणाला देऊ नये. पाणी जड होते ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे. त्यांनी कपडा करडा, राठ आणि निस्तेज होतो, पण तांबूस होत नाही. तांबूसपणा लोहाचा असतो. जमिनीखालच्या पाण्यात हे दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून त्यांची गल्लत होते. जमिनीखाली हवा नसल्यामुळे लोह विरघळलेल्या, रंगहीन अवस्थेत असते, म्हणून नळातून आलेले पाणी स्वच्छच दिसते; हवा लागल्यावर काही तासांत त्याचा गंज होऊ लागतो. पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असेल, तर कपड्यांवर डाग पडू लागतात.

तुमचा गुन्हेगार पाणी आहे की बादली, हे डागाच्या आकारावरून बरेचसे कळते. पाण्यातल्या लोहाने संपूर्ण कपड्यावर फिकट पिवळी छटा चढते आणि ती प्रत्येक धुण्यागणिक वाढते. बादलीचा डाग मात्र ठिकठिकाणी आणि कडा असलेला असतो: बुडाच्या सांध्याची अर्धगोल रेघ, कडीच्या कानापाशी टेकलेल्या जागेचा ठिपका, काठावर लोंबत राहिलेल्या भागावरचा पट्टा. खात्रीसाठी एका पांढऱ्या वाडग्यात थेट नळाचे पाणी आणि दुसऱ्यात रात्रभर बादलीत राहिलेले पाणी घ्या आणि दोन्ही आणखी एक रात्र उघडी ठेवा. पहिल्याच्या तळाशी तांबूस साका बसला तर पाण्यात लोह आहे; फक्त दुसऱ्यातच बसला तर बादली बदलणे पुरेसे आहे.

आता डाग काढण्याकडे वळतो. मी गेल्या वर्षी स्वतःच्या घरातील एका पांढऱ्या सुती चादरीवर जे केले तेच क्रमाने सांगतो. ती चादर पत्र्याच्या बादलीत रात्रभर भिजत राहिली होती आणि तिच्यावर वीतभर लांबीची, चंद्रकोरीच्या आकाराची तांबडी रेघ उमटली होती, शिवाय पाच-सहा ठिपके होते. मी सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व, वापरले. त्याचे काम दुहेरी असते: ते आम्ल असल्यामुळे गंज सैल करते आणि सुटलेल्या लोहाला धरून ठेवते, त्यामुळे ते लोह पुन्हा धाग्यावर बसत नाही. प्लॅस्टिकच्या टबात एक लिटर गरम पाणी घेऊन त्यात चार सपाट चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, लिंबूसत्त्व विरघळवले. पाणी हाताला सोसेल त्याहून जरा अधिक गरम होते, पण उकळते नव्हते. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे येथे मुळीच चालणार नाही, कारण आम्ल भांड्याचेच लोह विरघळवून पुन्हा कपड्यावर आणते. चादरीचा केवळ डागाचा भाग त्यात अर्धा तास बुडवून ठेवला. दहा मिनिटांनी पाण्याला फिकट पिवळसर झाक आली. लोह सुटत असल्याची ती खूण होती. ते पाणी टाकून पुन्हा तसेच ताजे द्रावण केले. दुसऱ्या फेरीअखेर ठिपके गेले आणि रेघ निम्मी राहिली. तिसऱ्या फेरीत रेघेचा मधला, सर्वांत जाड भाग तेवढा उरला. घासले मात्र एकदाही नाही. घासल्याने गंजाचे कण धाग्यांत खोल जातात आणि कापडाचा पृष्ठभाग झिजतो.

लिंबू पिळून, मीठ टाकून उन्हात ठेवण्याचा जुना उपाय याच तत्त्वावर चालतो आणि ताज्या, लहान डागासाठी तो चांगला आहे. उन्हाचाही तेथे उपयोग होतो, कारण लिंबाच्या आम्लात सुटलेले लोह प्रकाशाने अधिक विरघळणाऱ्या रूपात जाते. मात्र डाग ओला असेपर्यंतच हे काम चालते. रस कापडातच वाळला, तर त्यातील आम्ल दाट होत जाऊन सूत कमकुवत करते. म्हणून दर काही मिनिटांनी रस शिंपडत राहावे आणि तासाभरात कपडा धुऊन टाकावा.

लिंबूसत्त्वाच्या तीन-चार फेऱ्यांनंतरही जे उरते, त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरावे लागते. गंज विरघळवण्यात ते लिंबूसत्त्वापेक्षा बरेच प्रभावी आहे, परंतु ते विषारी आहे. रबरी हातमोजे घालूनच ते हाताळावे, त्याची भुकटी उडू देऊ नये, ते लहान मुलांपासून दूर ठेवावे, आणि ते ब्लीचशी कधीही, चुकूनही एकत्र येऊ देऊ नये, कारण आम्ल आणि ब्लीच यांच्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो. तुमच्या चादरींवर ब्लीच पडलेले असल्याने कोणतेही आम्ल लावण्याआधी, अगदी लिंबूसत्त्वसुद्धा, त्या दोन-तीन पाण्यांतून खळबळून घ्या.

जड पाणी असणाऱ्यांना याच ठिकाणी एक अडचण येते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. ऑक्झॅलिक ॲसिड जड पाण्यात घातले की पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा, न विरघळणारा साका तयार होतो. द्रावण दुधाळ झाले तर तेच घडले आहे असे समजावे. हा साका कापडात अडकून बसतो आणि वाळल्यावर कपडा पिठूळ, खरखरीत लागतो. म्हणून हे द्रावण आणि त्यानंतरची पहिली दोन खळबळणी पावसाच्या साठवलेल्या किंवा क्षार काढून टाकलेल्या पाण्यातच करावीत. लिंबूसत्त्वाच्या बाबतीत हा त्रास होत नाही, आणि माझ्या मते जड पाण्याच्या घरी त्यालाच पहिला मान देण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे. माझ्या चादरीच्या उरलेल्या रेघेसाठी मी एक लिटर मऊ, कोमट पाण्यात १० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घेतले आणि सावलीत पंधरा मिनिटे तो भाग भिजवला. येथे ऊन टाळायचे असते, कारण प्रकाशाने त्या द्रावणातील लोहाचे पिवळे, न विरघळणारे कण बनू शकतात. पंधरा मिनिटांत रेघ पूर्णपणे गेली.

यानंतरचा क्रमही महत्त्वाचा आहे. कापडात आम्ल राहिले तर इस्त्रीच्या उष्णतेने सूत कुजते, म्हणून शेवटी सोड्याने ते मारावे लागते. पण सुटलेले लोह कापडात असतानाच सोडा घातला, तर ते पुन्हा गंज होऊन बसू शकते. त्यामुळे आधी साध्या पाण्याने भरपूर धुवावे, मगच लिटरमागे एक चमचा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे बुडवावे आणि शेवटी नेहमीप्रमाणे साबणाने धुऊन वाळवावे. डाग गेल्याची खात्री उजेडात झाल्याशिवाय इस्त्री फिरवू नये. उष्णतेने गंजातील पाणी निघून जाते आणि उरलेला अंश विरघळायला अधिक कठीण होतो.

हे सर्व पांढऱ्या सुती कपड्यांबद्दल आहे. नायलॉनला आम्ल सोसत नाही आणि रंगीत कपड्याचा रंग उडू शकतो, म्हणून आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. डाग कित्येक महिन्यांचा असेल, तर गंज निघाल्यावर त्या जागी विरलेले सूत किंवा भोक दिसण्याची शक्यता धरून चालावे. ते नुकसान गंजाने आधीच केलेले असते, आम्ल फक्त ते उघडे पाडते.

बादलीविषयी सांगायचे तर, जस्ताचा मुलामा शाबूत असेपर्यंत पत्र्याची बादली गंजत नाही. तो पहिल्यांदा बुडाच्या कडेला आणि कडीच्या कानांपाशी झिजतो. तेथे बोट फिरवून बोटाला तांबूस भुकटी लागली, तर ती बादली धुण्यासाठी वापरणे थांबवावे. तारेच्या दोरीचा आणि लोखंडी चिमट्यांच्या स्प्रिंगचाही असाच एकदा तपास करा. वाडग्याच्या परीक्षेत नळाच्या पाण्यातच लोह निघाले, तर धुण्याचे पाणी आदल्या रात्री प्लॅस्टिकच्या पिंपात उंचावरून ओतून भरावे. ओतताना त्यात हवा मिसळते, लोहाचा बराचसा भाग रात्रीत गंज होऊन तळाशी बसतो आणि सकाळी वरचे पाणी तळ न ढवळता, दुहेरी फडक्यातून गाळून घेता येते. तळाचे चार बोटे पाणी रोज टाकून पिंप आठवड्यातून एकदा लिंबूसत्त्वाने आतून पुसून काढावे, नाहीतर साठलेला साकाच पुढच्या धुण्यात मिसळतो.