खाडाखोड केलेल्या चेकवर शेजारी सही केली की तो चालतो का?

प्रश्न: कोथरूडचा भाड्याचा फ्लॅट सोडला. घरमालकांनी डिपॉझिटचा १,२५,००० रुपयांचा चेक दिला. बँकेनं तो ‘अक्षरी व अंकी रक्कम जुळत नाही’ म्हणून परत केला. चौकोनात चुकून १,५२,००० लिहिलंय. घरमालक काका म्हणतात, आकडा दुरुस्त करून शेजारी सही करतो, पुन्हा भर. चालेल का?

उत्तर: नाही चालणार. तो चेक पुन्हा भरू नका, नवीन पान मागा. मी पुण्यातल्या एका बँकेत बरीच वर्षं क्लिअरिंगचं काम पाहिलं आहे. हाच गैरसमज सगळ्यात जास्त लोकांना हेलपाटे घालायला लावतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूर्वी खाडाखोडीशेजारी खातेदाराची पूर्ण सही असली की चेक पास व्हायचा, तेव्हा काकांचं म्हणणं जुन्या अनुभवातून आलेलं आहे. आता तुम्ही भरलेला कागद घरमालकांच्या बँकेत जातच नाही. तुमची बँक तो स्कॅन करून स्वतःकडे ठेवते आणि समोरच्या बँकेला फक्त त्याचं चित्र पाठवते. आकडा नंतर कोणी गिरवला की खातेदारानंच सुधारला, हे चित्रावरून खात्रीनं कळत नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१० मध्येच नियम केला: या पद्धतीनं वटणाऱ्या चेकवर नाव, अंकी रक्कम किंवा अक्षरी रक्कम यांत कोणताही बदल चालणार नाही, बदल करायचा तर नवीन पान वापरा. सवलत एकच, तारखेची मुदत वाढवून घेण्यापुरती.

“पण आमच्या शेजाऱ्यांचा असाच चेक पास झाला,” असं कोणी सांगेल. तेही खरं असू शकतं. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं खातं एकाच बँकेत असेल किंवा चेक काउंटरवर रोखीनं वटवला असेल, तर तो क्लिअरिंगमध्ये जात नाही आणि हा नियम तिथे लागू होत नाही. तिथे सही पाहून निर्णय घेणं बँकेच्या हातात असतं. तुमचा चेक मात्र दुसऱ्या बँकेचा आहे.

आता रकमेचं. कायदा तुमच्या बाजूनं वाटेल, कारण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या १८व्या कलमानुसार आकडा आणि अक्षर वेगळं असेल तर अक्षरी रक्कम धरायची. म्हणजे इथे १,२५,०००. तरीही बँका असा चेक परत करतात. फरक दिसत असताना पैसे देऊन बसण्याची जोखीम त्या घेत नाहीत, आणि काउंटरवर कलम दाखवून उपयोग होत नाही.

तारखेत घोळ होतो तो मुख्यतः जानेवारीत. हात सवयीनं जुनं साल लिहितो: ८ जानेवारी २०२६ च्या जागी ८ जानेवारी २०२५. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिन्यांची आहे, तेव्हा बँकेच्या लेखी तो चेक लिहिला त्याच दिवशी शिळा असतो. मग लोक पाचाचा सहा करतात आणि तो गिरवलेला म्हणून परत येतो. वर म्हटलेली तारखेची सवलत कागदावर असली तरी शाखा तिला हरकत घेऊ शकते. नवीन पान त्यापेक्षा सोपं.

घरमालकांकडे जाताना परतीचा मेमो आणि मूळ चेक दोन्ही न्या, पण नवीन चेक हातात पडल्यावरच जुना द्या. नवा चेक तिथेच, उजेडात वाचा: तारखेचे आठही चौकोन, तुमचं नाव बँकेच्या खात्यावर आहे तसंच, मग अक्षरी रक्कम मोठ्यानं वाचून आकड्याशी ताडून पाहा. काकांना आधी अक्षरी रक्कम लिहून मग आकडा टाकायला सांगा, अक्षरांच्या शेवटी ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत रेघ मारायला सांगा. पेन गडद निळं किंवा काळं, संपूर्ण चेकला एकच. फिकट शाई स्कॅनमध्ये उठत नाही.

आणखी एक गोष्ट नवीन पान घेताना हमखास राहते. रक्कम ५०,००० च्या वर आहे, तेव्हा काकांनी पहिल्या चेकची माहिती पॉझिटिव्ह पे मध्ये, म्हणजे मोठ्या चेकचा तपशील बँकेला आधीच कळवण्याच्या सोयीत, भरली असेल. ती त्या पानाच्या नंबराला जोडलेली असते. नवीन पानाचा नंबर वेगळा, म्हणून तारीख, नाव आणि रक्कम पुन्हा नोंदवावी लागते. ही नोंद झाल्याचं विचारून मगच चेक भरा.

वकिलाची नोटीस वगैरे आत्ताच काढू नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं १३८ कलम मुख्यतः खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे परत आलेल्या चेकसाठी आहे, तुमच्या मेमोवरचं कारण वेगळं आहे. घरमालक नवीन चेक द्यायला टाळाटाळ करू लागले, तर मात्र मेमो जपून ठेवून वकिलाला दाखवा.