कार्बिमाझोल चालू असताना घसादुखी आणि ताप

प्रश्न: थायरॉईड वाढल्यामुळे सहा आठवडे कार्बिमाझोल घेतोय. कालपासून घसा दुखतोय, ताप १०१ आहे. थांबून बघू का?

उत्तर: नाही, वाट बघत बसू नका. पुढची गोळी घेऊ नका आणि आजच, रात्र असली तरी इमर्जन्सीत जाऊन सीबीसी ही रक्ततपासणी डिफरन्शियलसह, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रत्येक प्रकाराच्या टक्केवारीसह, करून घ्या. हे औषध क्वचित पांढऱ्या पेशींपैकी जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल जवळजवळ संपवतं, आणि तेही बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत.

रिपोर्टमध्ये नुसती एकूण संख्या पाहू नका. समजा एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल १० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात १८०. पाचशेच्या खाली गेलं की लगेच ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. मागच्या आठवड्याचा नॉर्मल रिपोर्ट धरून बसू नका, हा आकडा अचानक कोसळतो. पॅरासिटामॉलने ताप उतरला तरी धोका तसाच राहतो. तोंडात फोड आले असतील तर तेही सांगा.

आकडा खरंच पडला असेल तर प्रोपिलथायोयुरासिल या थायरॉईडच्या दुसऱ्या औषधावरही जायचं नाही, त्यानेही तेच होऊ शकतं. मानसिक आजारासाठीच्या क्लोझापिनमध्येही हाच धोका असतो, म्हणून त्यात सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात.